भाऊचा माऊ होतो तेव्हा

देवनागरीतली काही अक्षरे एकमेकांपासून वेगळी राहतात ती केवळ एका फटीच्या जिवावर. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या अक्षराची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते. दुसऱ्याची शिरोरेषा सलग. कागदावर ही फट कितीही बारीक ठेवली तरी चालते, कारण वाळलेली शाई जागची हलत नाही. कातडीतली हलते. दंडावर हौसेने काढून घेतलेला ‘भाऊ’ दहा-पंधरा वर्षांनी ‘माऊ’ वाचला जातो, ‘माधव’चा ‘माघव’ होतो. एका रिक्षावाल्याच्या मनगटावर मी ‘एकनाय’ वाचले आहे. त्याचे त्याला काही वाटत नव्हते. मला मात्र पुढचा सिग्नल येईपर्यंत दुसरे काही सुचले नाही.

※

मी अक्षरे काढतो. पाट्या, पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे हा मूळ धंदा. अलीकडे टॅटूसाठी नाव काढून द्या म्हणून माणसे येतात. एका स्टुडिओतला टॅटू आर्टिस्ट आता मित्र झाला आहे. तो अक्षरे माझ्याकडून नेतो आणि सुई तो चालवतो. सुरुवातीला मी त्याला कागदासाठी काढावीत तशीच अक्षरे देत असे: नाजूक वेलांटी, घट्ट जोडाक्षरे, शिरोरेषेला टेकलेला अनुस्वार. तो मान हलवून म्हणायचा, “दादा, हे आज फोटोत भारी दिसेल. मला दहा वर्षांनंतरचं अक्षर द्या.” तेव्हापासून मी रेघ काढण्याआधी रेघांमधली मोकळी जागा मोजायला लागलो. ही टिपणे त्या मोकळ्या जागेबद्दल आहेत.

※

शाई नेमकी कुठे बसते हे कळले की पुढचे सोपे जाते. कातडीचा वरचा थर, बाह्यत्वचा, फार पातळ असतो. बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. तो सतत झडतो आणि महिनाभरात नवा येतो. तिथे राहिलेली शाई खपलीबरोबर निघून जाते. टिकते ती त्याच्या खालच्या आंतरत्वचेत गेलेली, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. म्हणून टॅटू झाल्या झाल्या काढलेला फोटो फसवा असतो. त्यात वरच्या थरातली शाईही दिसते, रेघ काळीभोर आणि धारदार वाटते. खरी रेघ चार-सहा आठवड्यांनी दिसते, आणि ती पहिल्या दिवसापेक्षा नेहमीच थोडी मऊ असते.

आंतरत्वचेत शाईचे कण नुसते पडून राहत नाहीत. शरीर त्यांना परके समजते आणि भक्षक पेशी ते गिळतात. कण मोठे असल्यामुळे पेशींना ते पचवता येत नाहीत, मग त्या तशाच पोटात कण घेऊन बसून राहतात. २०१८मध्ये मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी टॅटूतल्या या पेशी मुद्दाम मारल्या. शाई बाहेर पडली, पण टॅटू पुसला गेला नाही. काही आठवड्यांत नव्या पेशी आल्या आणि त्यांनी तीच शाई जागच्या जागी पुन्हा गिळली. म्हणजे आपण ज्याला कायमचा टॅटू म्हणतो तो प्रत्यक्षात एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जाणारा ऐवज आहे. त्या उंदरांत नक्षी हलली नाही. पण माणसाच्या हातावर ही देवघेव वीस-तीस वर्षे चालते. प्रत्येक वेळी सगळे कण नेमके त्याच जागी उचलले जात नसणार, आणि कडेचे थोडे बाहेर सरकत असणार, हे मला पटते. काही बारीक कण लसीकावाहिन्यांतून निघूनही जातात. सरकण्याने रेघ रुंद होते, निघून जाण्याने ती फिकी होते. जुन्या टॅटूत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात.

※

गोंदण पाहा. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावरचे, कपाळावरचे, हनुवटीवरचे ठिपके. काजळी, कसला तरी पाल्याचा रस आणि सुया, एवढेच साहित्य. ते हिरवट-निळे का दिसते, असे पुष्कळजण विचारतात आणि रसाला श्रेय देतात. काळे कण कातडीत खोल असले की वरचा थर निळा प्रकाश जास्त परावर्तित करतो आणि तांबडा आत जाऊन काळ्यात बुडतो, हे खरे कारण. मनगटावरची शीर निळी दिसण्यामागेही बरेचसे हेच आहे. आधुनिक स्टुडिओतली उत्तम काळी शाईसुद्धा वयाबरोबर निळसरच होते.

गोंदणाचा दुसरा धडा आकाराचा. तुळस, ठिपके, चौकट, सीतेची रसोई: सगळे आकार एकमेकांपासून सुटे, आणि त्यांच्यात पुष्कळ जागा. चाळीस वर्षांनी ठिपका दुप्पट झाला तरी तो ठिपकाच राहतो. या बायकांना कुणी अक्षररचना शिकवली नव्हती, पण म्हाताऱ्या हातांकडे बघत बघत ओळखू येणारी आकृतीच टिकली असणार. याच हातांवर नवऱ्याचे नाव गोंदलेले असले तर ते मात्र बहुतेकदा गेलेले असते. साताऱ्याकडच्या एका आजींना मी विचारले, हे काय लिहिले होते? त्या म्हणाल्या, “लिवल्यालं मला ठावं हाय की. तुला कशाला वाचायचंय?” या उत्तरावर माझ्या धंद्यातल्या माणसाने काही बोलू नये.

※

आता थोडे हिशेबाचे. फार नाही.

टॅटूच्या लायनर सुया एकट्या नसतात, झुबक्यात असतात. एका सुईची जाडी पाव ते ०.३५ मिलिमीटर. तीन सुयांच्या झुबक्याने बरी झाल्यावर साधारण अर्धा मिलिमीटरची रेघ मिळते, सातच्या झुबक्याने एक मिलिमीटरच्या आसपास. एकाच सुईची रेघ याहून बारीक, केसासारखी, आणि हल्ली मागणी तिलाच.

मित्राचा आडाखा असा: उन्हातान्हात वावरणाऱ्या हातावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ दहा-पंधरा वर्षांत एक मिलिमीटरची समजायची. काहींची कमी पसरते, काहींची जास्त, पण अक्षर काढताना एवढे गृहीत धरायचे. म्हणजे रेघेच्या प्रत्येक कडेला पाव मिलिमीटर वाढ. आता दोन रेघांमधली जागा बघा. जागा अर्धा मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंनी पाव-पाव जाऊन शून्य उरते. जागा एक मिलिमीटर असेल तर अर्धा उरतो आणि अक्षर वाचता येते. मी आता कुठल्याही पोकळीला दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. या मापात नाव बसले तर ठीक, नाहीतर नाव मोठे करायचे किंवा जागा बदलायची.

यात एक मेख आहे. लोक म्हणतात, रेघ पसरणारच आहे तर आधीच बारीक काढा. पण कड सरकते ती रेघेची जाडी विचारून सरकत नाही. बारीक रेघेलाही पाव मिलिमीटर, जाड रेघेलाही तेवढेच. बारीक रेघ त्यामुळे दुपटीहून जास्त होते, आणि तिच्यात शाई मुळात कमी असल्याने पसरली की ती करडी पडते, मधेमधे तुटते. गव्हाळ-सावळ्या कातडीवर हे आणखी लवकर दिसते, कारण रंगद्रव्य बाह्यत्वचेत, म्हणजे शाईच्या वर असते. करडी रेघ त्या पडद्यातून दिसतच नाही.

※

याच कारणाने बोरूचे वळण कातडीवर टिकत नाही. बोरूने किंवा तिरप्या टोकाच्या पेनाने काढलेल्या अक्षराचे सौंदर्य जाड-बारीक भेदात असते. कान्याचा दंड तीन मिलिमीटर, वेलांटीचा वळसा जिथे वळतो तिथे जेमतेम ०.३. दोघांना दोन्ही कडांनी पाव-पाव मिलिमीटर मिळाले की दंड साडेतीन होतो, म्हणजे कुणाच्या लक्षातही येत नाही. वळसा मात्र ०.८ होतो आणि त्याचे नाजूकपण गेले. अक्षर बेढब होत नाही, निर्जीव होते. सुलेखनाचा टॅटू हवा असेल तर मी तो तळहाताएवढ्या मोठ्या अक्षरांत आणि बारीक भाग मुळातच थोडे जाड ठेवून करतो. नाहीतर सरळ एकाच जाडीची रेघ वापरतो, जत्रेतल्या मशीनवाल्यासारखी.

जत्रेतल्या मशीनवाल्याची अक्षरे हा चेष्टेचा विषय आहे, पण निव्वळ वाचनीयतेवर गुण द्यायचे तर तो स्टुडिओवाल्यांना हरवतो. एकच जाडी, मोठे अक्षर, अक्षराअक्षरात बोटभर अंतर, जोडाक्षर आले की तो ते फोडूनच लिहितो. त्याच्या शिरोरेषा वाकड्या असतात आणि तीच सुई तो दहाजणांना लावतो. दुसऱ्या कारणासाठी त्याच्याकडे जाऊ नये. अक्षरासाठी मात्र त्याच्याकडे बघावे.

※

राजमुद्रा. महाराष्ट्रात अक्षरांचा सर्वांत जास्त गोंदवला जाणारा टॅटू बहुधा हाच असावा, आणि सर्वांत जास्त बुजणाराही.

शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यातला संस्कृत श्लोक अनुष्टुभ छंदात, म्हणजे बत्तीस अक्षरांचा. मुद्रा कागदावर उमटवायची वस्तू. धातूवर कोरलेली बारीक अक्षरे कागदावर स्वच्छ उमटतात, म्हणून एवढासा मजकूर एवढ्याशा जागेत मावला. तोच आकार तसाच मनगटाच्या आतल्या बाजूला, पाच सेंटिमीटर रुंदीत हवा म्हणून तरुण मुलगा येतो. वहीत केलेला हिशेब जसाच्या तसा उतरवतो.

बाहेरची कड आणि तिच्या आतली मोकळी पट्टी दोन्ही बाजूंनी जाऊन मजकुराला साधारण ४४ मिलिमीटर उरतात. बत्तीस अक्षरे पाच ओळींत मांडली तर ओळीला सहा-सात. रुंदीचा प्रश्न नाही, प्रश्न उंचीचा. ४४ला पाचाने भागले की एका ओळीला जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर, आणि त्यात वर रफार, मात्रा, वेलांट्यांची डोकी, खाली उकार, दोन ओळींमध्ये थोडी सुटी जागा. शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराच्या मूळ देहाला चार-साडेचार मिलिमीटर मिळतात.

आता त्या श्लोकातले एकच जोडाक्षर घेऊ: ष्णु. पोटफोड्या ष अर्धा, त्याला ण चिकटलेला, खाली उकार. साडेचार मिलिमीटरच्या देहात ष चे पोट दोन-सव्वादोन मिलिमीटरचे, आणि ते तिरप्या रेघेने फोडलेले. म्हणजे दोन त्रिकोणी पोकळ्या, प्रत्येक रुंदीत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या. सर्वांत बारीक व्यवहार्य रेघ वापरली तरी वर सांगितलेल्या हिशेबाने या पोकळ्या काही वर्षांत भरतात. ष गेला की ण चे दोन दंड जवळ येतात आणि उकार वरच्या रेघेला चिकटतो. खालच्या ओळीतल्या वेलांटीचे डोके या उकाराला भेटायला वर येते. दहा वर्षांनी ही मुद्रा लांबून अष्टकोन म्हणून ओळखू येते आणि आत एक निळसर जाळी असते.

तोच मजकूर दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा पाठीवर बारा सेंटिमीटर रुंदीत घेतला तर? मजकुराला साडेदहा सेंटिमीटर, ओळीला एकवीस मिलिमीटर, अक्षराला दहा-अकरा. ष च्या पोटातल्या पोकळ्या दीड ते पावणेदोन मिलिमीटरच्या होतात. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने काढले आणि ती पसरून एक मिलिमीटरची झाली, तरी पोकळीत निदान एक मिलिमीटर जागा उरते. अक्षर जगते.

तरुणाने सगळे ऐकले आणि विचारले, “पण दादा, पाठीवर मला कसं दिसणार?” बरोबर प्रश्न आहे. त्याला मी तिसरा पर्याय दिला. मनगटावर नुसता अष्टकोन आणि आत एकच शब्द घे, तोही जोडाक्षर नसलेला. तो तयार झाला नाही. पाच सेंटिमीटरमध्येच करून घेतली, दुसरीकडे जाऊन. माझ्या मित्राने नकार दिला होता.

※

ॐ. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात काढून घ्यायची पद्धत जुनी आहे. जागा सर्वांत वाईट. हाताची ही कातडी सतत दुमडते, धुतली जाते, उन्हात असते. चंद्र आणि बिंदू तिथे पाच वर्षे सुटे राहिले तरी नशीब. बोटांच्या कडांवर आणि तळहातावर तर शाई पसरण्याआधी निघूनच जाते, ठिगळाठिगळांनी.

※

बारीक रेघेची हौस आली कुठून? ती मूळची तुरुंगातली. कॅलिफोर्नियात कैदी गिटारची तार सुई म्हणून वापरत आणि एकट्या सुईने करड्या छटा, नावे, प्रार्थना काढत. १९७५मध्ये पूर्व लॉस अँजेलिसमध्ये गुड टाइम चार्लीज नावाचे दुकान सुरू झाले आणि तिथे हा एकसुई प्रकार दुकानाच्या मशीनवर आला. पुढे समाजमाध्यमांवर तो जगभर पसरला. फोटोत तो फारच देखणा दिसतो, कारण फोटो त्याच दिवशी काढलेला असतो.

रोमन लिपीतही बुजण्याचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी लहान ‘ई’चा डोळा भरतो, मग ‘ए’चे पोट. देवनागरीला त्यावर शिरोरेषेचे ओझे आहे. रोमन शब्दात अक्षरे सुटी करून जागा वाढवता येते. आपल्याकडे ती एका रेघेला टांगलेली. म्हणून मी शिरोरेषाच लांबवतो. दोन अक्षरांमध्ये एका दंडाची जागा जास्त सोडतो. कागदावर हे विरळ आणि किंचित बावळट दिसते. काही जण शिरोरेषा पूर्ण काढून टाकायला सांगतात, गुजरातीसारखी. चालते, पण मग भ, ध, थ ओळखायला फक्त डोक्याची गाठ उरते, आणि ती गाठ मोठी काढावी लागते.

मोडीत नाव हवे असणारेही आता बरेच येतात. मोडीत रेघ आधी आखून तिच्याखाली अक्षरे सलग वळवत नेतात, त्यामुळे वळसे भरपूर आणि पोकळ्या लहान. बुजायला देवनागरीइतकीच सोय. फरक एवढाच की बुजले तरी विचारायला कुणी येत नाही.

※

अनुस्वाराचा वेगळा न्याय. ठिपका पसरतो तेव्हा चारही बाजूंनी पसरतो, त्यामुळे तो शिरोरेषेपासून त्याच्या स्वतःच्या व्यासाइतका तरी उंच हवा. नाहीतर तो शिरोरेषेत मिसळतो आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते. जिथे ठिपका होता तिथे रेघ फक्त जरा फुगलेली दिसते. ‘कीर्ती’सारख्या नावात शेवटच्या अक्षरावर वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार अशी गर्दी होते. अशा वेळी मी वेलांटीचा गोल वाजवीपेक्षा उंच नेतो आणि रफार त्याच्या उजवीकडे सरकवतो. शुद्धलेखनवाल्यांना तो जागचा हललेला वाटतो. हलू दे.

※

ताज्या टॅटूभोवती निळसर सावली दिसली तर ते वय नव्हे. सुई फार खोल गेली आणि शाई चरबीच्या थरात उतरून टीपकागदावर फुटावी तशी फुटली, याला स्टुडिओत ब्लोआउट म्हणतात. मनगटाची आतली बाजू, घोटा, काखेजवळचा दंड, म्हणजे जिथे कातडी पातळ आहे तिथे हे हमखास. ओळखण्याची खूण सोपी. ब्लोआउट पहिल्या काही दिवसांत दिसतो, बहुधा रेघेच्या एकाच बाजूला, आणि रेघ स्वतः मध्यभागी काळी राहते. वयाने आलेला बुजलेपणा वर्षांनी येतो, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि रेघ मधूनही फिकी होते. पहिला हाताचा दोष आहे, दुसरा अक्षराचा. ग्राहक दोन्हींसाठी सुईवाल्यालाच शिव्या देतो.

※

दुरुस्ती. फिकी रेघ पुन्हा काळी करता येते, जाड करता येते. भरलेली पोकळी उघडता येत नाही. पांढरी शाई भरून पोकळी उजळवा असे काहीजण सुचवतात. आपल्या रंगावर ती लवकरच पिवळट डाग होते, कारण तिच्यावरही तोच कातडीचा पडदा असतो. लेझरने शाई फिकी करता येते. काळ्या शाईवर त्याचा परिणाम चांगला होतो, पण सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका असतो, आणि सगळे करून मिळते काय तर कोरी जागा, जिच्यावर तेच नाव पुन्हा काढायचे. लेझर त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे, टॅटूच्या दुकानात नव्हे. बहुतेक जण शेवटी वर मोठे पान किंवा पीस काढून झाकतात.

उन्हापासून जपणे हा एकच स्वस्त उपाय. पूर्ण बाह्यांचा सदरा हे उत्तम सनस्क्रीन आहे, पण टॅटू करणारा माणूस सदऱ्याच्या बाह्या दुमडतो.

※

टॅटू काढून घ्यायला निघालेल्यांसाठी एवढेच. नाव ज्या मापात हवे त्याच मापात कागदावर छापून घ्या, मोबाइलवर मोठे करून पाहू नका. मग त्यावर एक मिलिमीटर जाडीचे काळे पेन फिरवा, प्रत्येक रेघेवरून, अनुस्वारासकट. कागद हातभर लांब धरा आणि ज्याला ते नाव ठाऊक नाही अशा माणसाला वाचायला सांगा. त्याला वाचता आले तर पुढे जा. अडखळला तर अक्षर मोठे करा, सुटे करा, किंवा जागा बदला. आणि स्टुडिओत गेल्यावर भिंतीवरचे फोटो बघू नका. पाच वर्षांपूर्वी काढलेल्या अक्षरांचे आजचे फोटो दाखवा म्हणा. दाखवता येत नसतील तर चहा पिऊन परत या.